सोंगणीसाठी सुट्टी घेताना अॅपवाल्यांना कसं कळवता? आपापले अनुभव सांगा

धुऱ्यावरचा रायडर (हिंगणघाट)
मी हॉटेलचं जेवण पोचवतो, आणि घरी चार एकर सोयाबीन आहे. सोयाबीन तयार झालं की थांबत नाही, शेंगा तडकल्या की दाणा वावरातच. म्हणून ऑक्टोबरात आठ-दहा दिवस गाडी बंद ठेवावीच लागते.

मागच्या वर्षी टीम लीडरला, म्हणजे टीएलला, फोन केला. तो म्हणाला, "हो हो, जा ना भाऊ." मी गेलो. पण सवयीनं आधीच बुक केलेले संध्याकाळचे पाच स्लॉट तसेच राहिले होते. परत येऊन पाहतो तर रेटिंग ४.८ जसंच्या तसं, पण लेव्हल खाली. आमच्याकडे पुढच्या सोमवार ते रविवारचे स्लॉट गुरुवारी उघडतात. वरच्या लेव्हलला सकाळी १० वाजता, खालच्याला संध्याकाळी ६ वाजता. सहापर्यंत जेवणाच्या वेळेचे सगळे स्लॉट संपलेले असतात, मग दुपारी ३ ते ६ हॉटेलासमोर बसून राहा. पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

यंदा नीट करायचं आहे. तुम्ही काय केलं, काय फसलं, ते लिहा.

हबवरचा जुना माणूस (वणी)
मी चार वर्षं पार्सलच्या हबवर सुपरवायझर होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगतो. टीएलला सांगितलं म्हणजे टीएलला कळलं, एवढंच. तो त्याच्या वहीत तुमचं नाव खोडतो. लेव्हल काढणारं सॉफ्टवेअर वही वाचत नाही. ते एवढंच पाहतं, की स्लॉट बुक होता आणि माणूस आला नाही. रेटिंग ग्राहकाच्या तारकांवरून येतं, सुट्टीत ऑर्डरच नाही तर ते कशाला हलेल? मार बसतो तो न आलेल्या स्लॉटचा. म्हणून स्लॉट स्वतःच्या हातानं काढा, आणि मुदतीच्या आत काढा. आमच्याकडे २४ तास आधीची मुदत होती, तुमची स्लॉटच्या पानावरच लिहिलेली असेल.

दुसरी गोष्ट रोख रकमेची. पोरं सुट्टीवर जातात आणि ग्राहकांचे दोन-अडीच हजार खिशात. चार दिवसांनी आयडी लॉक. मग म्हणतात, सुट्टी घेतली म्हणून बंद केलं. अरे, पैसे भरले नाहीत म्हणून केलं! शेवटच्या दिवशी भरा, बाकी शून्य दिसेपर्यंत थांबा, मग स्क्रीनशॉट घ्या. पार्सलवाल्यांनी तर न वाटलेलं प्रत्येक पार्सल हबवर परत स्कॅन करून घ्यावं. एक जण बहिणीच्या लग्नाला गेला, दोन पाकिटं हबच्या टेबलावर ठेवून. स्कॅन झालंच नाही. आठ दिवस ती पाकिटं त्याच्या नावावर रोज "उशीर" दाखवत होती.

पऱ्हेवाला (साकोली)
आमच्याकडे सोंगणी नाही, जुलैत धानाची रोवणी. माझा उपाय सोपा आहे भाऊ. रोज पाच मिनिटं अॅप ऑनलाइन करायचं, मग बंद. आयडी चालू राहते. नाहीतर बंद करून टाकतात.

हबवरचा जुना माणूस
अर्धं बरोबर आहे. बरेच दिवस हालचाल नसली तर आयडी बंद होते हे खरं, पण ती आठवड्या-दोन आठवड्यांच्या सुट्टीत सहसा होत नाही. उलट तुम्ही चिखलात उभे, अॅप ऑनलाइन, आणि ऑर्डर आली तर? घेतली नाही की नकार तुमच्या नावावर. बुकिंग नसेल तर अॅप उघडूच नका.

पऱ्हेवाला
हं. म्हणूनच मागच्या जुलैत माझं ऑर्डर घेण्याचं प्रमाण घसरलं काय? मले वाटलं पावसानं नेटवर्क नव्हतं म्हणून.

दिग्रसचा दादा
माझा किस्सा ऐका, पण असं करू नका. कापूस वेचायला मजूर मिळेना, म्हणून मी घरी थांबलो आणि आयडी लहान भावाला देली. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी अॅपनं मधेच सेल्फी मागितली. भावाचं तोंड थोडंफार माझ्यासारखं आहे, पण मशीनला ते पटलं नाही. आयडी बंद, आणि सुट्टीचं काय झालं ते सांगायलाही जागा नाही, कारण कागदावर मी सुट्टीवर नव्हतोच. आता भाऊ त्याच्या स्वतःच्या आयडीवर चालवतो आणि मी अजून अपिलात.

आर्वीची ताई
मी गाडी चालवत नाही, घरूनच एका अॅपवर पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवते. बाळंतपणासाठी सुट्टी घ्यायची होती. कॅलेंडरवर दोन महिने लाल केले आणि निवांत झाले. पण लाल केल्यानं फक्त नवे वर्ग यायचे थांबतात. आधी बुक झालेले अकरा वर्ग तसेच होते. ते एकेक करून हलवावे लागले, पालकांना निरोप पाठवून. माझ्या बाबतीत मात्र रेटिंगही गेलं, कारण दोन पालकांनी "मध्येच सोडून गेल्या" म्हणून एकेक तारा दिला. तुमच्या ग्राहकाला उद्या कोण जेवण आणतं याच्याशी घेणं नसतं, आमच्याकडे मूल एका बाईला सरावतं.

काटोलचा काका
सुट्टीचा पगार किती मिळते म्हणाले? ई-श्रमचं कार्ड काढलं आहे मी.

हबवरचा जुना माणूस
काका, इथे पगारी सुट्टीचा विषय नाही, ती अॅपवर काम करणाऱ्याला मिळत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात योजना आहेत, पण रजा नाही. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यात या योजनांसाठी वर्षाला एका कंपनीसोबत ९० दिवस कामाची अट होती, आणि एकाहून जास्त कंपन्या असतील तर १२० दिवस. म्हणजे लांब सुट्टी घेणाऱ्यानं कामाचे दिवस मोजून ठेवावेत.

धुऱ्यावरचा रायडर
झालं यंदाचं, म्हणून सांगतो. आमची लेव्हल सोमवार ते रविवारच्या कामावर ठरते, आणि आठवड्यात किमान १२ तास लागतात. म्हणून शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत अशी सुट्टी घेतली असती तर एक अख्खा आठवडा कोरा गेला असता. त्याऐवजी बुधवार ते पुढचा गुरुवार असे नऊ दिवस घेतले. पहिल्या आठवड्यात सोमवार-मंगळवार गाडी चालवली, दुसऱ्यात शुक्रवार ते रविवार. मंगळवारी रात्री १,८६० रुपये भरले, शून्य पाहिलं, आणि मदतीच्या पानावर तारखा लिहून तिकीट टाकलं. उत्तर आलं ते छापील, "आपल्या सहकार्याबद्दल आभार." त्याचा उपयोग झाला की नाही, देव जाणे.

गंमत म्हणजे पुढच्या आठवड्याचे स्लॉट गुरुवारीच उघडणार, आणि मी तेव्हा वावरात. धुऱ्यावर बाभळीखाली एकच दांडी रेंज येते. सकाळी दहाला विळा बाजूला ठेवून तिथे उभा राहिलो. चुलतभाऊ म्हणे, "काहून रे, कोणाचा फोन येऊन राहिला?" तीन स्लॉट मिळाले.

मग बुधवारी पाऊस आला. गंजीवर ताडपत्री टाकली, थ्रेशर शुक्रवारवर गेला. शुक्रवारचा संध्याकाळी सातचा स्लॉट गुरुवारी दुपारी काढला, मुदतीच्या आत. शनिवार-रविवार मिळून तेरा तास झाले. लेव्हल राहिली.

आर्वीची ताई
आणि सोयाबीन?

धुऱ्यावरचा रायडर
खालचा थर भिजला ताई. दहा-बारा पोती वाळवत आहे अंगणात.