मदत हवी आहे: वहीबांधणी छंदच ठेवू की धंदा करू?

मी हाताने वह्या बांधते. एका वहीला चार तास लागतात, गोंद वाळायला रात्र जाते ती वेगळीच. आतापर्यंत 23 विकल्या, पण 19 ओळखीच्यांनीच घेतल्या. अनोळखी चौघांपैकी पुन्हा मागायला एकच आला. मग एका ऑफिसने एकसारख्या 30 मागितल्या, तर दहाव्या वहीलाच कंटाळ्याने सुई हातात धरवेना! कागद-दोऱ्याचा खर्च वजा करून उरलेले पैसे तासांनी भागले, तर मजुरीही सुटत नाही. पार्सल बांधण्याचे तास तर मी धरलेच नव्हते.

किंमत वाढवून तीन महिने फक्त अनोळखी लोकांना विकून बघू, की तो कंटाळा हेच उत्तर समजू? छंदाचा धंदा केलेल्यांनो, तुम्ही नेमकं काय पाहून ठरवलंत?