फोटो उडाला, आता शब्दांतच दाखवा : तुमचे अनुभव सांगा

वरुणतीर्थवेस
फाइल गेलेली, पण मांडणीवर मत तर हवंय, असं तुमच्यापैकी कुणाकुणाचं झालंय? शब्दांत फोटो कसा सांगितलात, समोरच्याला काय कळलं, काय नाही, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

गेल्या थंडीत पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळात काढलेला फोटो कार्ड फॉरमॅट होताना गेला. यंदा पुन्हा तिथंच जायचंय, म्हणून इथल्याच जुना_रोल काकांना फोनवर सांगितला : "सकाळचं कोवळं ऊन, सगळीकडं वाफ, गुळव्या काहील ढवळतोय, चेहऱ्यावर जाळाचा उजेड." काका म्हणाले, "बातमी कळली, फोटो दिसला नाही." मग त्यांनी एकेक विचारत नेलं आणि दुसऱ्या खेपेला हे निघालं :

आडवी फ्रेम, ३५ मिमी, मी उभी, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. काहिलीची जवळची कड खालच्या किनारीला जवळजवळ समांतर. गुळव्या काहिलीच्या डाव्या बाजूला, फ्रेमच्या डावीकडून तिसऱ्या हिश्श्यावर. डोक्यापासून मांडीपर्यंत दिसतो, फ्रेमच्या निम्म्याहून थोडा उंच. तोंड उजवीकडं, फावड्याचा दांडा उजवीकडं खाली तिरका, टोक वाफेत बुडालेलं. घड्याळाच्या तबकडीवर मी सहाला उभी धरली तर ऊन एक-दोनच्या मधून येतंय. त्यामुळं उजवीकडची वाफ पांढरी फटक, डावीकडची करडी. मागं काजळलेली भिंत. गुळव्याच्या डोक्यामागून छपराचा खांब वर गेलेला.

त्यावर काकांचा पहिलाच प्रश्न : डोकं पांढऱ्या वाफेवर होतं की काळ्या भिंतीवर? भिंतीवर होतं. काळे केस काळ्या भिंतीत आणि वरून खांब. खांद्याला उन्हाची बारीक कड होती, तेवढ्यावर आकार तगला होता. काकांनी सांगितलं, पाऊलभर डावीकडं सरक. जवळचा माणूस मागच्या भिंतीच्या हिशेबानं उजवीकडं सरकेल, डोकं खांबातून सुटून वाफेवर येईल. मग कॅमेरा थोडा वळवून त्याला परत डावीकडच्या जागी बसव. फाइल न बघता एवढं मिळालं!

भावा_क्लिक
ताई, आधी त्या कार्डावर नवीन फोटो काढायचं थांबवा. फॉरमॅट झालं तरी डेटा लगेच जात नाही, त्यावर दुसरं लिहिलं की जातो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावा. माझं आख्खं लग्नाचं काम असं परत आलंय. नाद खुळा!

वरुणतीर्थवेस
दादा, त्या कार्डावर नंतर दिवाळीही झाली आणि जोतिबाची यात्राही. प्रश्न वर्णनाचा आहे.

रंकाळाकाठ
एवढं लांबण कशाला? फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा, विषय कुठल्या छेदबिंदूवर आहे ते सांगा, समोरच्याला मांडणी कळते. माझे रंकाळ्याचे सूर्यास्त मी असेच सांगतो. बाकी त्या केसांच्या भानगडीला एक फ्लॅश मारला असता तर चेहरा-केस सगळं उठून आलं असतं.

जुना_रोल
जागा कळते, हे खरं. पण तृतीयांशावर अंगठ्याएवढा माणूस आणि तृतीयांशावर निम्मी फ्रेम भरणारा माणूस, हे दोन वेगळे फोटो आहेत. बघतोय कुठं, त्याच्या नजरेपुढं किती जागा सोडलीय, हेही छेदबिंदूत येत नाही. सूर्यास्तात तुमचं भागतं, कारण तिथं सूर्य लहानच असतो आणि त्याला नजर नसते.

फ्लॅशचं म्हणाल तर कॅमेऱ्यावरून मारलेला फ्लॅश मधल्या वाफेवरच आपटून परत येतो. समोर पांढरा पडदा, मागं गुळव्या गायब. वाफ चमकवायची तर उजेड मागून किंवा तिरका मागून आणि पाठीमागं काळोख. गुऱ्हाळात सकाळी हे आयतं मिळतं.

आता ज्याचा मला जास्त संशय येतो ते. वर्णनात माणसं विषय बरा सांगतात, कडा चुकवतात. हेलेन इंट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की पाहिलेलं चित्र आठवताना लोक त्याच्या चौकटीबाहेरचंही चित्रात होतं असं धरतात. मी तर जागेवर उभा राहून सगळं छप्पर पाहिलेलं असतं, मग काय विचारता. म्हणून मी "आजूबाजूला काय होतं" असं विचारतच नाही. चारही किनारी धरून विचारतो : इथं काय कापलं गेलं होतं? कोपर? दांड्याचं टोक? चिमणी? कापलेली एखादी वस्तू ठाम आठवली, तर ती कड खरी धरतो. "मोकळी जागा होती" एवढंच उत्तर आलं, तर त्या कडेवर मत देत नाही.

कोळसापेन्सिल
२०२० मध्ये बेनब्रिज आणि बेकर यांनी उलटंही दाखवलंय. दुरून घेतलेल्या मोठ्या दृश्यांत आठवण आत आकसते. त्यामुळं सगळ्याच कडा बाहेर ढकलल्या जातात असं धरू नका, काका.

मी चित्रकलेवाला, माझी सवय वेगळी. बोलायच्या आधी काडेपेटीएवढी चौकट काढायची आणि तीनच छटा भरायच्या : कागदाचा पांढरा, मधला करडा, गच्च काळा. नाक-डोळे काही नाही. ताईंच्या फोटोत काळ्याला काळा चिकटलेला तिथंच दिसला असता. शब्दांत "वाफेत उभा" म्हटलं की तो आपोआप उजेडात जाऊन उभा राहतो.

इचलकरंजीची_मावशी
माझा जोतिबाच्या यात्रेतला फोटो गेला. सासनकाठ्या, वर गुलालाचा ढग. मुलाला सांगत होते तर तो म्हणाला, "आई, सगळं गुलाबी म्हणजे काय? गुलाबीत गडद कुठं, फिकं कुठं?" दुपारचं ऊन डोक्यावर होतं, त्यामुळं ढगाचा माथा जवळजवळ पांढरा आणि खाली माणसांच्या डोक्यांवर गडद. एवढं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग काठ्यांचे शेंडे त्या पांढऱ्यात हरवले असणार. हरवले होतेच! पण लेकरा, मला तो फोटो हवाय, मत नकोय. इथं चालेल का हे लिहिलेलं?

गुऱ्हाळवाला_करवीर
ताई, एक शंका. चेहऱ्यावर जाळाचा उजेड म्हणताय, तो आला कुठनं? चुलाणाचं तोंड खाली खड्ड्यात, चिपाडं घालणारा तिकडं बसतो. जाळ असतोय काहिलीच्या बुडाखाली. काहिलीच्या कडंला उभा असलेल्या गुळव्याच्या तोंडावर तो कसा पडंल? मी जन्म तिथं काढलाय.

वरुणतीर्थवेस
पण हनुवटीखाली तांबूस उजेड होता, हे मला पक्कं आठवतंय.

जुना_रोल
उजेड खालून आणि जाळ नव्हे, असंही होऊ शकतं. ऊन एक-दोनमधून येतंय, उकळत्या रसाच्या तांबड्या पृष्ठावर पडतंय आणि तिथून वर उडतंय. खूण अशी : भुवईखाली आणि हनुवटीखाली सावली नसेल तर उजेड खालून होता. गालाच्या एका बाजूलाच तांबूस असेल तर ते नुसतं कोवळं ऊन. कुठलं होतं?

वरुणतीर्थवेस
भुवईचं आठवत नाही. हनुवटीचं आठवतंय.

गुऱ्हाळवाला_करवीर
मला अजून पटत नाही. वाफ एवढी दाट असती की रसाचं तोंडच दिसत नाही नीट. रस घट्ट होऊन वाफ कमी होते, तेव्हा होत असंल तर असंल. तुमचा फोटो काहील उतरवायच्या किती आधीचा, ते सांगा मग बोलू.