चौघांच्या पासपोर्ट नूतनीकरणाचा हिशेब

"खानापूरहून आम्ही दोघे आणि मुले (वय 10 व 3) असे चौघांचे पासपोर्ट नवे करायचे आहेत. एजंट, फोटो, प्रवास धरून किती खर्च येईल?"

साध्या योजनेत 36 पानांच्या पुस्तिकेसाठी प्रौढांना प्रत्येकी 1500 आणि मुलांना प्रत्येकी 1000 रुपये शुल्क आहे, म्हणजे चौघांचे 5000 रुपये झाले. तत्काळ घेतल्यास माणशी 2000 रुपये वाढतात आणि हीच बेरीज 13,000 वर जाते, तेव्हा प्रवासाची घाई नसेल तर ते टाळावे. फोटो केंद्रातच काढतात. चार वर्षांखालील मुलाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा छापील फोटो न्यावा लागतो, म्हणून तो खर्च केवळ धाकट्याचा.

एजंट माणशी 500 मागत असेल तर 2000 रुपये निव्वळ अर्ज भरून वेळ घेण्याचे जातात. हे काम सरकारी संकेतस्थळावर आपल्यालाही करता येते, आणि कागद अपुरा निघाला तर एजंट असूनही अर्ज अडतोच. मुलांच्या अर्जात बहुधा अडते ते परिशिष्ट 'ड', म्हणजे आईवडील दोघांच्या सह्यांचे घोषणापत्र. ते राहिले तर पुन्हा शुल्क पडत नाही, पण बेळगावची फेरी आणि एका दिवसाची मजुरी किंवा रजा दुसऱ्यांदा जाते. म्हणून चौघांची वेळ शक्यतो एकाच दिवशी घ्यावी. पोलीस पडताळणीला वेगळे शुल्क नाही; कोणी मागितल्यास देऊ नये.