शिळ्या भाताची तक्रार: फोटो आणि तपासणी

"तारखेसह फोटो दिले, तरी मेस समिती म्हणते भात आजचाच आहे. आता काय लिहायचं?"

नुसत्या ताटाच्या फोटोवरून भात कधीचा ते कळत नाही. रात्री उरलेलं पातेलं आणि सकाळी तेच पातेलं, असे दोन फोटो वेळेसह जोडा. मूळ फाइल मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली तारीख-वेळ गळून पडते.

तपासणी नाश्त्याआधी, न कळवता मागा (कळवून आले तर पातेली चकचकीतच दिसणार!). फ्रिज ५ अंशांच्या आत आहे का, हे थर्मामीटर लावून बघा असं स्पष्ट लिहा. "पुन्हा गरम करून वाढला" हे उत्तर चालत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढून जे विष तयार होऊ शकतं, ते उकळूनही जात नाही.