मदत हवी आहे: खर्र्यावरच्या व्हिडिओत काकांचा क्लोन केलेला आवाज, संमतीपत्र पुरेल का?

महालचा_मुक्काम:
नमस्कार मंडळी. इथल्या एका संस्थेसाठी आम्ही खर्र्यावर सात मिनिटांची गोष्ट शूट केली. पानठेलेवाल्याची भूमिका करणारे काका जुने रंगकर्मी. शूट झाल्यावर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज अजून फुटत नाही. आता संस्थेला दोन वाक्यं बदलून हवीत. आधीच्या रेकॉर्डिंगवरून आवाज क्लोन केला, हुबेहूब जमला. त्या वेळी काका पाठमोरे आहेत, ओठांचा प्रश्न नाही. शेवटी एक डॉक्टर बोलतो, त्याचा चेहरा मात्र पूर्ण बनावट आहे.

काकांनी शूटच्या वेळी सही केली होती: 'माझा आवाज व चित्रण या व्हिडिओसाठी वापरण्यास हरकत नाही.' हे चालेल का? आणि लेबल कुठे लावू?

सावजी_रसिक:
भाऊ, सही आहे ना, मग झालं. लेबल स्क्रीनच्या 10 टक्के जागेत पाहिजे, नवीन नियम आहे. एवढी मोठी पट्टी लाव न् मोकळा हो.

ध्वनीपेटी:
10 टक्के मसुद्यात होते, ऑक्टोबर 2025 च्या. फेब्रुवारी 2026 मध्ये जे आयटी नियम आले त्यात ते माप राहिलं नाही, लेबल ठळक हवं एवढंच आहे. मोठ्या प्लॅटफॉर्मनी अपलोड करणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं. यूट्यूबवर अपलोड करताना `Altered content` खाली 'हो' निवड. त्याने लेबल वर्णनात येतं; विषय आरोग्याचा असेल तर ते व्हिडिओवरच दिसू शकतं. संस्थेला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर नंतर फोन येतो.

पण तेवढ्यावर थांबू नको. हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरणार, कुणीतरी मधला तुकडा कापून रील करणार. तिथे वर्णन नसतं आणि फाइलमधली मेटाडेटाची खूणही बहुधा उडते. म्हणून ती दोन वाक्यं चालू असताना चित्रातच लिही: 'या वाक्यांचा आवाज कृत्रिम आहे, कलाकाराच्या संमतीने.' कोपऱ्यात नको. 1920 रुंदीची फ्रेम उभी कापली की मधले जेमतेम 607 पिक्सेल उरतात, कोपरा पहिला जातो. दोन ओळी करून मधोमध, खाली बसव.

सहीचं म्हणशील तर ती त्यांनी जे बोललं त्याला आहे. जे बोललेच नाहीत त्याला कशी लागू होईल?

अजनी_पूल:
आमच्याकडे बहिणीच्या लग्नात बाबांच्या आवाजात आशीर्वाद लावला, ते जाऊन दोन वर्षं झाली. आई उठून आत गेली. कुणी तिला विचारलंच नव्हतं. त्याला कोणाची सही लागते?

ध्वनीपेटी:
अजनीभाऊ, वाईट वाटलं वाचून. 2023 चा डेटा संरक्षण कायदा हयात माणसाच्या संमतीबद्दल बोलतो, गेलेल्या माणसाच्या आवाजाचं त्यात उत्तर सापडत नाही. आईला विचारायला हवं होतं, हे कायद्याशिवायही खरं.

सावजी_रसिक:
पण कोर्टकचेऱ्या मोठ्या गायकांच्या. नाटकवाल्या काकांसाठी कोण जाते कोर्टात?

ध्वनीपेटी:
अरिजित सिंग यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये आदेश दिला, आशा भोसले यांच्या बाजूने 2025 मध्ये. दोन्हीत आवाज क्लोन करणं होतंच. दोघंही नामवंत, हे तुझं बरोबर. साध्या कलाकाराला तेवढंच संरक्षण मिळेल का, हे मी छातीठोक सांगणार नाही. म्हणूनच कागद नीट करायचा.

महालभाऊ, नव्या पत्रात ती दोन वाक्यं शब्दशः लिही. कोणत्या व्हिडिओसाठी, कुठे कुठे दाखवणार, मानधन किती, आणि काम झाल्यावर तुझ्या खात्यातलं आवाजाचं मॉडेल व नमुने पुसणार, तेही लिही. पुसल्यावर त्यांना स्क्रीनशॉट पाठव. वाक्यं त्यांना ऐकव, नुसता कागद पुढे करू नको.

महालचा_मुक्काम:
काल जाऊन आलो. पहिलं वाक्य ऐकून काकांनी मान हलवली. दुसरं होतं, 'माह्या पोराले म्याच शिकवला खर्रा.' ते ऐकल्यावर पाटी ओढून लिहिलं: 'मोहल्ल्यात लोक समजतील माझाच पोरगा. गिऱ्हाइकाचा पोरगा करा.' त्यांचा मुलगा खरंच खातो, मला माहीत नव्हतं. वाक्य बदललं, पुन्हा ऐकवलं, मग सही.

सावजी_रसिक:
अरे बापा. हे कागदात नसतं दिसलं.

टेकडी_रोड:
किरकोळ, सद्हेतूने केलेल्या एडिटिंगला नियमांत सूट आहे ना? दोनच वाक्यं आहेत.

ध्वनीपेटी:
खरखर काढणं, रंग सुधारणं त्यात बसतं. न बोललेलं वाक्य तोंडी घालणं मला त्यात बसत नाही वाटत, पण कुणी उलट वाद घालू शकेल. लेबल लावल्याने तुझं काही जात नाही.

मला खटकतो तो डॉक्टर. तो कॅन्सरबद्दल सल्ला देतो आणि तो माणूसच नाही. लेबल लावलं तरी लोक पांढरा कोट पाहतात.

महालचा_मुक्काम:
संस्थेच्या ओळखीत एक दंतवैद्य आहेत. ते यायला तयार झाले तर तो भाग पुन्हा शूट करेन. नाही आले तर चेहरा काढून नुसत्या पाट्या टाकाव्यात का? तुम्ही काय कराल?