मदत हवी आहे : क्रेटच्या मुठीची फट मास्कमध्ये भरून येते

नमस्कार. चाकणच्या एका गोदामातील क्रेट उचलणाऱ्या रोबोसाठी आम्ही ४००० × ३००० पिक्सेलच्या छायाचित्रांवर मास्क काढत आहोत. सेगमेंट एनीथिंग मॉडेलला क्रेटभोवती चौकट आखून दिली की बाहेरची कड जवळजवळ अचूक मिळते. परंतु मुठीची फट, जिथे ग्रिपरची बोटे शिरायची असतात, नेमकी तीच भरून येते. फटीवर वगळण्याचा क्लिक दिला तर कधीकधी शेजारची अर्धी भिंतही नाहीशी होते, आणि मग ब्रशने डागडुजी करण्यापेक्षा सगळी आकृती हाताने काढलेली बरी वाटते.

मॉडेल छायाचित्राची लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणते आणि मास्क २५६ × २५६ इतकाच काढून नंतर मोठा करते. म्हणजे मास्कचा एक पिक्सेल मूळ छायाचित्रातील सुमारे १६ पिक्सेल रुंदी व्यापतो, आणि आमची फट जेमतेम ३० पिक्सेल उंच आहे. क्रेटपुरता भाग कापून दिल्यास फट सुटी दिसते. मात्र एरवी छायाचित्रामागे एकदाच चालणारा एन्कोडर प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा चालवावा लागतो, आणि आमच्या एकेका छायाचित्रात वीसेक क्रेट असतात.

तुकडे आधीच रात्री एन्कोड करून ठेवावेत, की फटी हाताने वेगळ्या आखून मास्कमधून वजा कराव्यात? ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले असेल, त्यांनी दर क्रेटमागे लागलेला वेळ कृपया कळवावा.