मदत हवी आहे: कार्व्ह केलेल्या फोटोला मूळ नाव कसं जोडायचं?

सरावासाठी स्वतःच्याच जुन्या लॅपटॉपच्या एनटीएफएस पार्टिशनची इमेज घेतली. फोटोरेकने `f5283472.jpg` बाहेर काढला. नावातला आकडा सेक्टरचा, म्हणून 8 ने भागून क्लस्टर 660434 मिळाला. फोटोच्या एक्झिफमध्ये वेळ 14:12 आहे. `$UsnJrnl` मध्ये `IMG_0417.jpg` डिलीट झाल्याची नोंद 08:51 ची. आधी गोंधळलो, मग लक्षात आलं की ही यूटीसी आहे, म्हणजे आपले 14:21.

जुळतंय छान, पण हा निव्वळ अंदाजच ना? जर्नलमध्ये क्लस्टर नसतो आणि `$MFT` मधली ती नोंद दुसऱ्या फाइलने केव्हाच बळकावली आहे. `$LogFile` मध्ये जुने डेटा रन सापडतील का? कोणी हाताने शोधलेत का?